साठ्याची रुजवात : विद्यार्थ्याच्या प्रकल्प-अहवालाची एक रूपरेषा

‘एका लहान व्यवसायसंस्थेतील मालसाठ्याच्या व्यवस्थेत सुधारणा’ अशा मथळ्याचे प्रकल्प-अहवाल वाणिज्य व व्यवस्थापन या शाखांतील विद्यार्थ्यांकडून दरसाल लिहिले जातात, आणि त्यांतील पुष्कळांची ठेवण इतकी एकसारखी असते की मुखपृष्ठावरील नाव झाकले तर कोणता अहवाल कोणत्या दुकानाचा हे खुद्द लेखकालाही सांगता येऊ नये. वीस पाने संस्थेच्या इतिहासाची, वीस पाने पाठ्यपुस्तकातील सूत्रांची, आणि उरलेली पाने ‘साठ्याचे नियोजन महत्त्वाचे आहे असे आपणांस वाटते काय?’ या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांच्या रंगीत वर्तुळांची! या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देणारा मनुष्य अद्याप जन्माला यावयाचा आहे. तेव्हा त्या वर्तुळांतून काय निष्पन्न होते हे त्या रंगांनाच ठाऊक. दुकानाच्या फळीवर आज प्रत्यक्ष किती माल आहे, वहीत तो किती दिसतो आणि त्या दोहोंत तफावत असल्यास ती का पडली, हा ज्या अहवालाचा गाभा असावयास हवा तोच नेमका गाळलेला असतो.

अशा अहवालाची रूपरेषा सांगताना हवेत बोलण्यापेक्षा एखादे दुकान डोळ्यांपुढे ठेवणे बरे, म्हणून मी कृषी सेवा केंद्राची निवड करतो. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, अकोल्याच्या भातशेतीपासून पाथर्डी-शेवगावच्या कपाशीपर्यंत आणि राहुरी-नेवाशाच्या उसापासून पारनेरच्या कांद्यापर्यंत चौदा तालुक्यांत पिकांची तऱ्हा बदलत जाते. त्यामुळे एका गावच्या दुकानाचा हंगाम दुसऱ्या गावच्या दुकानाला लागू पडत नाही, आणि विद्यार्थ्याला दुसऱ्याचा अहवाल उतरवून काढण्याची सोयच राहत नाही. शिवाय या दुकानात एक गोष्ट आयती मिळते, जी किराणा दुकानात सहसा मिळत नाही, ती म्हणजे कायद्याने ठेवावयास लावलेले दप्तर. बियाण्यांना १९८३ चा बियाणे नियंत्रण आदेश, खतांना १९८५ चा खत नियंत्रण आदेश, आणि फवारणीच्या औषधांना १९६८ चा कीटकनाशक कायदा व १९७१ चे नियम लागू असल्याने प्रत्येकाची साठा-नोंदवही दुकानदाराला ठेवावीच लागते, व ती निरीक्षकापुढे केव्हा मांडावी लागेल याचा नेम नसतो. म्हणजे ‘वहीत काय आहे’ हा अर्धा प्रश्न लेखी स्वरूपात तयार असतो. ‘फळीवर काय आहे’ हा दुसरा अर्धा विद्यार्थ्याने स्वतः शोधावयाचा.

आपले दुकान नेवासे तालुक्यात, घोडेगावच्या कांदा-बाजाराच्या टापूत आहे असे समजू. ते मी मनाशी कल्पिलेले असल्याने पुढे येणारे त्याचे आकडेही उदाहरणादाखल धरलेलेच आहेत. विद्यार्थ्याने त्यांच्या जागी आपल्या दुकानाचे आकडे घालावयाचे आहेत.

पहिल्या प्रकरणात विषयाची मर्यादा आखावी, आणि ती धीटपणे आखावी. दुकानात बियाणे, खते व औषधे असा त्रिविध माल असतो, पण या तिहींची खरेदी एकाच न्यायाने होत नाही. युरियाची गोणी किती व केव्हा यावी हे दुकानदाराच्या हाती फारसे नसते; रेक लागला, तालुक्याला वाटप झाले, वितरकाने गाडी पाठवली की माल येतो, आणि न आल्यास कोणतेही सूत्र तो आणून देत नाही. शिवाय २०१८ च्या सुमारास देशभर लागू झालेल्या व्यवस्थेनुसार अनुदानित खत ई-पॉस यंत्रावर शेतकऱ्याची ओळख पटवून विकावयाचे असल्याने तेथे दुकानाची वही, यंत्रातील शिल्लक आणि गोदामातील थप्पी अशा तीन ठिकाणच्या आकड्यांचा मेळ घालावा लागतो. तो स्वतंत्र प्रकल्पाचा विषय आहे. बियाण्याची खरेदी हंगामाच्या तोंडाशी बहुधा एकदाच होते आणि कांद्याचे बी तर वर्षभरात उगवणशक्ती गमावू लागते, म्हणून तेथे ‘पुन्हा मागणी केव्हा नोंदवावी’ हा प्रश्नच उद्भवत नाही. फवारणीची औषधे मात्र दुकानदार आपल्या मर्जीने, वारंवार आणि थोडी थोडी मागवतो. त्यांना मुदत असते. आणि त्यांत त्याचे भांडवल अडकते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या प्रकल्पासाठी केवळ औषधांचा साठा घ्यावा, आणि खते व बियाणे का वगळली याची वरील कारणे अहवालात अर्ध्या पानात द्यावीत. कारण दिलेले असले म्हणजे परीक्षक अशा वगळण्याला उणीव म्हणत नाही.

उद्दिष्टे लिहिताना ‘साठा-व्यवस्थापनाचा अभ्यास करणे’ अशी वाक्ये टाळून ज्यांचे उत्तर होय, नाही किंवा आकडा यांपैकी एका रूपात देता येईल असेच प्रश्न मांडावेत. आपल्या दुकानापुरते तीन पुरेत : वहीतील व फळीवरील नग किती औषधांच्या बाबतीत जुळतात, येत्या सहा महिन्यांत मुदत संपणारा माल किती रुपयांचा आहे, आणि कांद्याच्या हंगामात कोणते औषध गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणावे लागल्यामुळे विकले गेले नाही. संस्थेच्या परिचयाला दोन पाने द्यावीत. पूर्वाभ्यासाच्या प्रकरणात तीन पानांहून अधिक लिहू नये. फोर्ड हॅरिस या अमेरिकन अभियंत्याने १९१३ मध्ये किफायतशीर मागणी-प्रमाणाचा विचार मांडला आणि एच. फोर्ड डिकी याने १९५१ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या अनुभवावरून मालाचे अ, ब, क असे वर्ग पाडण्याची पद्धत लिहिली, या दोन कल्पना कोणत्या परिस्थितीसाठी निघाल्या एवढे समजावून दिले तरी काम भागते.

आता मोजणी. विद्यार्थ्यांचा प्रकल्प बहुधा उन्हाळी सुटीत सुरू होतो, आणि मृगाचा पाऊस पडला की दुकानात पाय ठेवावयास जागा नसते. म्हणून मोजणी मे महिन्याच्या अखेरीपूर्वी उरकावी, नाही तर ती जुलैपर्यंत होणारच नाही. बाजाराचा दिवस टाळावा. मालकाची लेखी परवानगी घ्यावी, आणि दुकानाचे नाव व खरेदीचे भाव अहवालात उघड करावयाचे की नाहीत हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावे. भाव गुप्त ठेवावयाचे असतील तर सर्व रकमांना मालकाने मनात धरलेल्या एकाच संख्येने गुणावे, म्हणजे परस्परप्रमाण कायम राहते आणि मूळ रक्कम झाकली जाते.

मोजणीच्या तक्त्यात औषधाचे नाव, कंपनी, पॅकचे माप, बॅच नंबर, मुदतीची तारीख आणि नग एवढे रकाने असावेत; वहीतील शिल्लकेचा रकाना मात्र मुळीच असू नये. हे मी आग्रहाने सांगतो, कारण हातातील कागदावर ‘४२’ लिहिलेले दिसले की फळीवरच्या पस्तीस बाटल्यांत मनुष्याला न कळत बेचाळीस दिसू लागतात, किंवा उरलेल्या सात ‘कुठे तरी असतील’ असे मानून तो पुढे सरकतो. मोजणाराने आकडा सांगावा, दुसऱ्याने लिहावा, आणि एक फळी झाली की तिच्यावर खडूने खूण करावी. माल केवळ पुढच्या फळ्यांवर नसतो. तो मागच्या खोलीत असतो, माळ्यावर असतो, गल्ल्याखालच्या खोक्यात सुटा असतो, आणि पुष्कळदा मालकाच्या घरच्या पडवीतही असतो. मोजणी सुरू करण्यापूर्वी ‘माल कोठे कोठे आहे’ याची यादी मालकाकडून एकदा आणि नोकराकडून एकदा, अशी दोनदा करून घ्यावी. दोन्ही याद्या सहसा सारख्या येत नाहीत. खोकी न फोडता त्यांवरील छापील संख्येवर विसंबू नये, कारण वरून चिकटपट्टी शाबूत असलेल्या खोक्याच्या तळातून दोन पॅक काढलेले असण्याचा प्रसंग दुर्मिळ नाही. ज्यांचा खताचा साठाही मोजावयाचा असेल त्यांनी थप्पीच्या बाहेरच्या दोन बाजू मोजून गुणाकार करण्यापूर्वी वर चढून मधली जागा पोकळ नाही ना हे पाहावे, आणि टनांचा हिशेब करताना युरियाची गोणी ४५ किलोची व डीएपीची ५० किलोची असते हे विसरू नये.

मोजणी ज्या क्षणी सुरू झाली त्या क्षणीचा शेवटचा विक्री-बिलाचा व शेवटचा खरेदी-बिलाचा क्रमांक तक्त्याच्या शिरोभागी लिहून ठेवावा. एवढी एक ओळ राहिली तर पुढचे सारे श्रम फुकट जातात. कारण मोजणीच्या दुपारी विकलेले तीन पॅक वहीतून वजा झाले होते की नव्हते हे मागाहून कोणालाच सांगता येत नाही.

यानंतर रुजवात. जुन्या दप्तरातील हा शब्द मला ‘ताळमेळ’ या शब्दापेक्षा अधिक आवडतो, कारण कागदाशी वस्तू आणि वस्तूशी माणूस समोरासमोर आणून खरेखोटे पाहण्याचा अर्थ त्यात आहे. समजा, १२० औषधांची मोजणी झाली. वहीप्रमाणे साठ्याची किंमत ६ लाख रुपये आणि प्रत्यक्षात ५ लाख ९८ हजार रुपये निघाली. मालक समाधानाने म्हणेल, ‘दोन हजारांचा फरक म्हणजे काहीच नाही.’ विद्यार्थ्याने येथे थांबू नये. एकेका औषधाची ओळ तपासली तर १२० पैकी केवळ ७१ ओळी जुळतात, म्हणजे शेकडा साठही भरत नाहीत, असे आढळू शकते. कारण एका ओळीतील तूट आणि दुसऱ्या ओळीतील वाढ एकमेकींना खाऊन टाकतात व बेरीज साळसूद दिसते. पण गिऱ्हाईक बेरीज मागावयास येत नाही, ते एक विशिष्ट औषध मागते. म्हणून वहीची अचूकता रुपयांवरून न मोजता जुळणाऱ्या ओळींवरून मोजावी, आणि हाच आकडा अहवालातील पहिला निष्कर्ष म्हणून मांडावा.

न जुळणाऱ्या ओळींपैकी दहा-पंधरा निवडून त्यांचा माग काढावा. उदाहरणार्थ, एका कीटकनाशकाचे अर्ध्या लिटरचे पॅक वहीत ४२ आणि फळीवर ३५ आहेत. उधारीची वही उघडल्यावर दिसते की ४ पॅक ओळखीच्या शेतकऱ्यांनी ‘बिल नंतर करू’ म्हणून नेले असून त्यांच्या नावांपुढे केवळ रक्कम मांडलेली आहे. आणखी २ पॅकच्या बाबतीत बिल दुसऱ्या कंपनीच्या त्याच घटकाच्या औषधाचे झालेले आहे, कारण गिऱ्हाइकाने मागितलेले नाव एक होते आणि देणाराने हाताला आले ते दिले. साहजिकच त्या दुसऱ्या औषधाच्या ओळीत २ नग जास्त निघतात. उरला १. तो फुटला, हरवला की नोकराने कोणास दिला हे कळत नाही, तेव्हा त्याला ‘अनुत्तरित’ म्हणावे. सातांची तफावत होती, पण खरा तोटा एकाचाच. बाकीचा दोष चोरीचा नसून लिहिण्याच्या वेळेचा होता. अशी छाननी न करता ‘कर्मचाऱ्यांवर देखरेख वाढवावी’ अशी सूचना लिहिणे म्हणजे एखाद्या गरीब माणसावर निष्कारण संशय घेणे होय, आणि असे मी अहवालांतून पुष्कळदा वाचले आहे.

अशा तफावतींची कारणे ठराविकच असतात. पाव लिटरचे दोन पॅक देऊन अर्ध्या लिटरचे बिल करणे, शेजारच्या दुकानदाराला हातउसने दिलेले खोके, ‘दहावर एक’ अशा स्कीममध्ये आलेला फुकट नग खरेदीत न चढवणे, शेतकऱ्याने परत आणलेला बंद पॅक फळीवर ठेवून वहीत न घेणे ही त्यांतील नेहमीची. प्रत्येक तफावतीपुढे कारण लिहून शेवटी कोणत्या कारणाने किती ओळी बिघडल्या याचा एक लहानसा तक्ता द्यावा. वही दुरुस्त करण्याची घाई मात्र करू नये. छाननी पुरी होण्यापूर्वी वहीतील ४२ खोडून ३५ केले की पुरावाच पुसला जातो.

वर्गवारीच्या प्रकरणात डिकीची पद्धत वापरावी, पण ती नुसती वापरू नये. वार्षिक विक्रीच्या रकमेप्रमाणे औषधे उतरत्या क्रमाने लावली की वरची वीस-बावीस औषधे बहुतेक उलाढाल व्यापतात आणि शेपटाकडची साठ-सत्तर नुसती जागा अडवतात, हे बहुतेक दुकानांत दिसेल. औषधांच्या दुकानात खरा धोका मात्र या शेपटातच लपलेला असतो, कारण तेथे माल फिरत नाही आणि मुदत चालूच राहते. म्हणून प्रत्येक औषधाला वर्गाबरोबरच मुदतीला उरलेले महिने हा दुसरा निकष लावावा, आणि हल्लीच्या विक्रीच्या वेगाने तो माल संपण्यास किती महिने लागतील हा तिसरा. एखाद्या टॉनिकच्या २४ बाटल्या शिल्लक आहेत, महिन्याला २ खपतात, आणि मुदत ७ महिन्यांची उरली आहे. तर १४ खपतील आणि १० कालबाह्य होतील, हे आजच सांगता येते. त्या २४ बाटल्या मुळात का घेतल्या हे खरेदी-बिलाच्या तारखेवरून कळते. ती तारीख पुष्कळदा कंपनीच्या स्कीमच्या शेवटच्या आठवड्यातली असते, आणि सहलीचा किंवा चांदीच्या नाण्याचा आकडा गाठण्यासाठी ती खरेदी झालेली असते. विद्यार्थ्याने अशा खरेदीवर खूण करून स्कीममध्ये मिळालेला लाभ आणि कालबाह्य होणारा माल यांची वजाबाकी मालकापुढे ठेवावी. कोणतेही उपदेशपर वाक्य लिहिण्याची मग गरज पडत नाही.

कालबाह्य मालाची किंमत काढताना एक चूक सर्रास होते. मुदत संपलेले कीटकनाशक नियमाप्रमाणे वेगळे काढून, ‘विक्रीसाठी नाही’ असा शिक्का मारून निराळ्या जागी ठेवावे लागते; ते सवलतीने विकता येत नाही. तो माल नष्ट केला किंवा हिशेबातून काढला तर त्याच्या खरेदीवर घेतलेली जीएसटीची वजावट परत करावी लागते. म्हणजे २०० रुपयांच्या पॅकवर शेकडा १८ प्रमाणे ३६ रुपये कर धरल्यास तोटा २३६ रुपयांचा असतो. मुदत संपण्यापूर्वी परत घेण्याच्या अटी प्रत्येक कंपनीच्या व वितरकाच्या निराळ्या असतात. त्या विचारून तक्त्यात ‘परतीची शेवटची तारीख’ असा रकाना घालावा, कारण दुकानदाराच्या दृष्टीने डब्यावरील तारखेपेक्षा ही तारीखच खरी मुदत असते.

आता एक औषध घेऊन मागणीचे गणित करू. कांद्यावरील करप्यासाठी मॅन्कोझेबची पावडर या भागात सर्वांना परिचित आहे. अर्ध्या किलोचा पॅक, कर वगळून खरेदी २०० व विक्री २३० रुपये; वर्षाचा खप ४२० पॅक; एक मागणी नोंदवून माल आणण्याचा टेंपोभाड्यासह खर्च १५० रुपये; आणि एक पॅक वर्षभर ठेवण्याचा व्याज, जागा व नासधूस मिळून खर्च ३६ रुपये, असे धरू. हॅरिसच्या सूत्राप्रमाणे वार्षिक खप व मागणीचा खर्च यांच्या गुणाकाराची दुप्पट करून तिला ठेवणखर्चाने भागले की ३,५०० येतात, आणि त्याचे वर्गमूळ ५९. खोक्यात २० पॅक येतात, म्हणून दर खेपेस ३ खोकी, म्हणजे ६० पॅक मागवावेत. वितरकाचा माल आठवड्याने येतो, आठवड्याचा सरासरी खप ८ पॅक. तेव्हा शिल्लक ८ वर आली की मागणी नोंदवावी. येथवर गणित निर्दोष आहे, आणि बहुतेक अहवाल येथेच संपतात.

परंतु या सूत्राच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे, ते म्हणजे खप बारमाही एकसारखा आहे. आणि रब्बी कांदा हे गृहीत मानावयास तयार नाही. लागवड डिसेंबर-जानेवारीत, काढणी मार्चअखेरीपासून मेपर्यंत. फवारणीचा भर मधल्या काळात. जानेवारीपासूनच्या बारा आठवड्यांचा खप बिलांवरून काढला, तो असा निघाला असे समजा : १४, १८, २२, २०, ४६, ५२, २४, १९, २१, १७, १२, ११. बेरीज २७६, म्हणजे वर्षाच्या खपाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग या बारा आठवड्यांतच आला. पाचव्या व सहाव्या आठवड्यांत खप एकाएकी दुपटीहून वर गेला, त्याचे कारण वहीत नसते. ते त्या दिवसांचे आभाळ कसे होते हे विचारल्यावर कळते. ढगाळ हवा, सकाळचे धुके, पातीवर दव राहिले की करप्याच्या भयाने सारा शिवार एकदम पंप पाठीवर घेतो. पाचव्या आठवड्याच्या आरंभी शिल्लक नेमकी ८ असेल आणि मागणी तेव्हा नोंदवलेली असेल, तर माल येईपर्यंत ४६ पैकी ३८ पॅकना ‘नाही’ म्हणावे लागेल. दर पॅकमागे ३० रुपयांप्रमाणे १,१४० रुपयांचा नफा बुडेल. प्रत्यक्षात त्याहून अधिक, कारण शेतकरी पावडर एकटी नेत नाही. तिच्यासोबत फुलकिड्याचे औषध आणि स्टिकरही घेतो, आणि एक वस्तू नसली की तिन्हींची चिठ्ठी घेऊन पलीकडच्या दुकानात जातो.

यावर उपाय असा की मागणीची पातळी वर्षभर एकच न ठेवता हंगामापुरती बदलावी. जानेवारीच्या आरंभापासून मार्चच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत, म्हणजे सुमारे दहा आठवडे, ती ८ ऐवजी ६० ठेवावी, जेणेकरून आजवर पाहिलेला सर्वांत मोठा आठवडा, ५२ पॅकचा, माल येईपर्यंत निभावून जाईल. वाढीव ५२ पॅक दहा आठवडे ठेवण्याचा खर्च, ५२ × ३६ × १० ÷ ५२, म्हणजे ३६० रुपये होतो. एका बाजूला ३६०, दुसऱ्या बाजूला एकाच वाईट आठवड्याचे १,१४०. मार्चच्या मध्यानंतर मात्र पातळी लगेच खाली आणावी, नाही तर ढगाळ हवेसाठी ठेवलेला साठा उन्हाळाभर फळीवर बसून राहतो. किंबहुना पातळी केव्हा उतरवावयाची हे चढवण्यापेक्षा अधिक महत्त्वाचे असते, आणि दुकानदार नेमके तेच विसरतो.

या गणितातील एक फसवी जागा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बिलावरून निघतो तो खप, मागणी नव्हे. एखाद्या आठवड्यात विक्री शून्य दिसली तर त्या आठवड्यात गिऱ्हाईक आले नाही की माल नव्हता हे खरेदी-बिलांच्या तारखा जुळवून पाहावे लागते. माल नसलेला आठवडा सरासरीत शून्य म्हणून धरला तर जे औषध वारंवार संपते त्याचीच मागणी कमी दिसेल, आणि पुढच्या वर्षी ते आणखी कमी मागवले जाईल. म्हणून प्रकल्पाच्या पहिल्या दिवशी गल्ल्यावर एक साधी वही ठेवावी, तिच्यावर ‘नाही’ असे मोठ्या अक्षरांत लिहावे, आणि गिऱ्हाइकाने मागितले पण देता आले नाही ते औषध, पॅकचे माप व तारीख एवढेच तिच्यात टिपावे. पहिल्या आठवड्यात ती रिकामी राहते, कारण नोकराला ती आपल्या चुकांची यादी वाटते. मालकाने स्वतः दोन-चार नोंदी केल्या की मग भरू लागते. अहवालाच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर या वहीवाचून मिळत नाही. प्रकल्प उन्हाळ्यात झाला असेल तर या वहीत खरीपाच्या तोंडचीच औषधे येतील, रब्बी कांद्याची नव्हेत; ही मर्यादा अहवालात स्वच्छ शब्दांत लिहावी, आणि वही पुढे जानेवारीत चालू ठेवण्याचे मालकाकडून कबूल करून घ्यावे.

एकाच वर्षाच्या आकड्यांवरही विसंबू नये. २०२३ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने कांदा-निर्यातीवर बंदी घातली आणि ती २०२४ च्या मे महिन्यात उठली. त्या मधल्या रब्बी हंगामात हात आखडून फवारणी करणारा शेतकरी कोणत्याही गावात असणे संभवनीय आहे. त्या वर्षाची बिले घेतली असतील तर आधीच्या व नंतरच्या वर्षांशी ती ताडून पाहावीत, आणि फरक दिसल्यास सरासरी काढण्यापूर्वी तसे नमूद करावे.

सूचनांचे प्रकरण लहान असावे. आपल्या दुकानापुरत्या तीनच सूचना मी करीन. उधारीच्या वहीत रकमेबरोबर औषधाचे नाव व नग लिहावेत, आणि दुकान बंद करण्यापूर्वी त्या दिवसाच्या चिठ्ठ्यांची साठ्याच्या वहीत नोंद व्हावी. वरच्या वीस औषधांची मोजणी दर शनिवारी पाच-पाच अशी करावी, म्हणजे महिन्यात सर्वांची एक फेरी होते आणि दुकान बंद ठेवावे लागत नाही. आणि नवा माल फळीवर मागे, जुना पुढे लावताना खरेदीची तारीख न पाहता मुदतीची तारीख पाहावी, कारण मागाहून आलेल्या खोक्याची मुदत आधी संपणारी असू शकते. संगणक-प्रणाली घ्यावी की नाही हा प्रश्न यानंतरचा. जी नोंद वहीत होत नाही ती यंत्रातही होत नाही, आणि ‘टॅली’ असूनही रुजवात न जुळणारी दुकाने जिल्ह्यात शोधावी लागत नाहीत.

सूचना लिहून अहवाल बांधावयास टाकू नये. त्यांतील निदान पहिल्या दोन चार आठवडे अमलात आणवून, पहिल्या मोजणीत घेतलेल्यांपैकीच तीस औषधांची, त्याच पद्धतीने, वही न पाहता दुसरी मोजणी करावी. पहिल्या खेपेस त्या तीसांपैकी १८ जुळली असतील आणि आता २४ जुळत असतील, तर २४ असेच लिहावे; उरलेल्या सहांपुढे पुन्हा कारणे द्यावीत, आणि त्यांत दोन ठिकाणी ‘बिल नंतर करू’ हेच कारण निघाले तर तेही लिहावे. परिशिष्टात दोन्ही मोजण्यांचे मूळ तक्ते, खाडाखोडीसह, जोडावेत. टंकलिखित स्वच्छ प्रतीपेक्षा शाई फुटलेला, औषधाचा डाग पडलेला मूळ कागद परीक्षकाला अधिक काही सांगतो. त्या प्रत्येक कागदावर मोजणाराची व मालकाची सही आणि मोजणी सुरू झाल्याची वेळ असावी, आणि एक संच दुकानात ठेवून यावा. पुढच्या जानेवारीत ढग येतील तेव्हा पातळी ६० वर नेण्याची तारीख त्याच कागदाच्या पाठीवर लिहिलेली असेल.